कोड स्कॅन करून सत्र फी कशी भरावी : पालकांसाठी सूचना

सर्व पालकांस,

द्वितीय सत्राची फी या वेळीही कोड स्कॅन करून भरता येईल. कोड आल्यापासून कार्यालयापुढची रांग जवळजवळ संपली, पण तिच्या जागी दुसरीच अडचण आली. पैसे शाळेच्या खात्यात येऊन पडतात आणि ते कोणत्या विद्यार्थ्याच्या नावावर जमा करायचे हेच कळत नाही. पालक सांगतात, "फी कधीच भरली." लिपिक वही उघडून दाखवतात, "तुमच्या मुलीपुढे बाकी दिसतेय." दोघेही खरे बोलत असतात.

असे का होते ते आधी सांगते, म्हणजे पुढच्या पायऱ्या उगाच वाटणार नाहीत. आपला कोड कायमचा, छापील कोड आहे. त्यात शाळेच्या बँक खात्याचा यूपीआय पत्ता आहे, एवढेच. रक्कम नाही, वर्ग नाही, मुलाचे नाव तर नाहीच. सगळे पालक तोच एक कोड स्कॅन करतात. आमच्याकडे बँकेच्या उताऱ्यात येते ती एक ओळ: तारीख, रक्कम, ज्याच्या खात्यातून पैसे आले त्याचे नाव आणि एक बारा अंकी क्रमांक. त्या ओळीवरून तुमचा मुलगा किंवा मुलगी शोधून काढायची असते. पैसे पाठवायला मिनिटभर पुरते. ते योग्य नावावर चढण्यासाठी मात्र तुमच्याकडून दोन-तीन गोष्टी लागतात, आणि ही सूचना लांबली आहे ती त्यांच्यामुळेच.

## हाताशी काय ठेवायचे

- फीचिठ्ठी. वर्गशिक्षकांनी ती मुलांच्या दैनंदिनीला टाचून दिली आहे. तिच्यावर रक्कम, शेवटची तारीख, विद्यार्थ्याचा जीआर क्रमांक आणि चौकटीत छापलेले खातेदाराचे नाव आहे. या चारही गोष्टी लागणार आहेत.
- यूपीआय ॲप असलेला फोन, आणि त्याला जोडलेल्या खात्यात पुरेशी शिल्लक.
- तुमचा यूपीआय पिन. तो चार किंवा सहा अंकी असतो. एटीएमचा पिन वेगळा, हा वेगळा.
- पेन. यातून येणारा क्रमांक फीचिठ्ठीच्या मागे लिहून ठेवायचा आहे.

जीआर क्रमांक आणि हजेरी क्रमांक यांत गल्लत होते. हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो आणि प्रत्येक तुकडीत एकेक सात नंबर असतो. जीआर क्रमांक म्हणजे प्रवेशाच्या वेळी जनरल रजिस्टरमध्ये पडलेला क्रमांक. तो शाळा सोडेपर्यंत बदलत नाही आणि शाळेत दुसऱ्या कोणाचाही नसतो. आम्हाला तोच हवा.

## १. यूपीआय नवीन असेल तर एक-दोन दिवस आधी सुरू करा

ज्यांच्या फोनवर यूपीआय आधीपासून चालू आहे त्यांनी सरळ दुसऱ्या पायरीवर जावे.

पहिल्यांदाच ॲप घेत असाल, किंवा फोन वा सिम नुकतेच बदलले असेल, तर शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. नव्याने नोंदणी केल्यावर पहिले २४ तास साधारण ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. ही मर्यादा सुरक्षेसाठी आहे. कोणाच्या हाती तुमचे सिम लागले तरी एका झटक्यात खाते रिकामे होऊ नये, हा तिचा हेतू. फी त्याहून जास्त असेल तर व्यवहार नाकारला जातो आणि ॲप कारण नीट सांगतेच असे नाही. पालकांना वाटते, शाळेचा कोडच बिघडलाय.

नोंदणीसाठी बँकेत दिलेल्या मोबाइल क्रमांकाचे सिम त्याच फोनमध्ये लागते, कारण ॲप त्या सिमवरून एक एसएमएस पाठवून खात्री करून घेते. पिन ठरवताना डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदतीचा महिना-वर्ष विचारतात. कार्ड नसेल तर अनेक बँकांमध्ये आधारच्या आधारेही पिन ठरवता येतो.

नेहमीच्या यूपीआय व्यवहाराची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला एक लाख रुपये आहे. आपली सत्र फी तिच्या बरीच आत बसते, पण काही बँका खातेदारासाठी याहून कमी मर्यादा ठेवतात. त्याच दिवशी दुसरीकडे मोठी रक्कम पाठवली असेल तर हे ध्यानात असू द्या.

## २. रक्कम फीचिठ्ठीवरूनच घ्या

मागच्या सत्रात भरली तेवढीच, किंवा शेजारच्या मुलाच्या पालकांनी भरली तेवढी, असे करू नका. सवलत, मागील बाकी आणि आधी जास्त आलेले पैसे धरून प्रत्येकाची रक्कम वेगळी काढलेली आहे.

पूर्णांकही करू नका. ६,१८० च्या जागी ६,२०० भरल्याने शाळेला वीस रुपये जास्त मिळतात हे खरे, पण उताऱ्यातली रक्कम आणि फीचिठ्ठीवरची रक्कम जुळवूनच निम्म्याहून अधिक नोंदी लागतात. वीस रुपयांनी ती जुळणी मोडते आणि तुमची नोंद "तपासायचे" या ढिगात जाते.

सहलीचे पैसे, बसचे पैसे, स्नेहसंमेलनाची वर्गणी यात मिसळू नका. बसचे पैसे तर या खात्यात घेतलेच जात नाहीत.

## ३. कोड कुठून स्कॅन करायचा

शाळेचा कोड तीन ठिकाणी आहे: फीचिठ्ठीवर, दैनंदिनीच्या शेवटच्या पानावर आणि कार्यालयाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला, काचेमागे. आतल्या बाजूला मुद्दाम लावला आहे, त्याचे कारण चौथ्या पायरीत येईल.

ॲप उघडा, स्कॅनचे चिन्ह दाबा आणि फोन कागदापासून वीतभर अंतरावर धरा. कोडाचे चारही कोपरे चौकटीत आले पाहिजेत. कागद चुरगळला असेल, त्यावर तेलाचा डाग असेल किंवा दिव्याची चमक पडत असेल तर कॅमेरा नुसता शोधत राहतो. अशा वेळी कागद सपाट करून जरा तिरपा धरला की बहुधा काम होते.

आता सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. "सूचना माझ्याच फोनवर आली आहे, मग स्कॅन कशाने करू?" फोन स्वतःचाच पडदा स्कॅन करू शकत नाही. वर्गाच्या गटावर आलेल्या चित्रातला कोड वापरायचा असेल तर दोन मार्ग आहेत. घरातल्या दुसऱ्या फोनवर ते चित्र उघडा आणि तुमच्या फोनने स्कॅन करा. नाहीतर चित्र आपल्या फोनमध्ये जतन करा, ॲपमधल्या स्कॅनरच्या पडद्यावर गॅलरीचे लहान चिन्ह असते ते दाबा आणि तिथून चित्र निवडा.

दुसऱ्या मार्गात एक अडचण आहे. गॅलरीतून उचललेल्या कोडावर अनेक ॲप फक्त लहान रक्कमच जाऊ देतात. कारण सरळ आहे: फसवणूक करणारे लोक कोडाची चित्रेच पाठवत असतात. तेव्हा गॅलरीतून प्रयत्न केला आणि रक्कम नाकारली गेली, तर पुन्हा पुन्हा तेच करत बसू नका. फीचिठ्ठीवरचा छापील कोड कॅमेऱ्याने स्कॅन करा, पैसे जातील.

चित्राबद्दल आणखी एक. कोड फक्त वर्गशिक्षकांनी गटावर टाकलेल्या सूचनेतूनच घ्या. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला पुढे ढकललेल्या चित्रावर पैसे पाठवू नका. कोड डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यामुळे चित्र मध्येच बदलले गेले तरी ते कळायला मार्ग नसतो.

## ४. नाव वाचा, मगच पुढे जा

या पायरीवर घाई करू नका, बाकी कुठेही केलीत तरी चालेल.

स्कॅन झाल्यावर पडद्यावर पैसे घेणाऱ्याचे नाव येते. ते बँकेच्या दप्तरी असलेले खातेदाराचे नाव असते. इथे बरेच पालक बिचकतात, कारण तिथे शाळेचे नाव दिसत नाही. आपली शाळा चालवणाऱ्या शिक्षण संस्थेच्या नावावर हे खाते आहे, म्हणून संस्थेचे नाव दिसते. पडद्यावर जागा कमी पडली तर ते शेवटी तुटतेही. फीचिठ्ठीवर चौकटीत जे नाव छापले आहे, त्याची सुरुवात अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे.

एखाद्या व्यक्तीचे नाव दिसले तर तिथेच थांबा. मुख्याध्यापिकेचे, लिपिकांचे, वर्गशिक्षकांचे, कोणाचेही असो. शाळेची फी कोणाच्याही वैयक्तिक खात्यात घेतली जात नाही. मागे जा, ॲप बंद करा आणि कार्यालयाला फोन करा.

असे होऊ शकते का? होते. दुकानांच्या बाहेर लावलेल्या कोडावर रातोरात दुसरा कोड चिकटवून जाण्याचे प्रकार सगळीकडे घडतात. वरून पाहिले तर काळे-पांढरे ठिपके सारखेच दिसतात. म्हणूनच आपला कोड काचेच्या आत आहे. फाटकावर किंवा भिंतीवर, कुठेही बाहेर शाळेचा कोड लावलेला नाही, आणि तसा दिसला तर तो आमचा नाही.

## ५. रक्कम आणि शेरा

नाव जुळले की रक्कम टाका. कोडात रक्कम नसल्याने ती जागा रिकामी येते. पैशांची जागा सांभाळा: ६१८० टाकायचे आहेत, ६१.८० नाही. हे हसण्यावारी नेऊ नका, दर सत्रात एखादी अशी नोंद येतेच.

रकमेखाली शेऱ्याची जागा असते. कुठे `Add note` लिहिलेले असते, कुठे `Add a message`. तिथे "फी", "शाळा", "धन्यवाद मॅडम" असे न लिहिता एवढेच लिहा:

```
GR4127 5B T2
```

म्हणजे जीआर क्रमांक ४१२७, इयत्ता पाचवी ब, दुसरे सत्र. इंग्रजी अक्षरे आणि अंकच वापरा. तिरपी रेघ, कंस, चिन्हे यांवर काही ॲप अडून बसतात. मराठीत लिहिलेला शेरा तुमच्या फोनवर छान दिसतो, पण बँकेच्या उताऱ्यात त्याची कधीकधी प्रश्नचिन्हे होतात, म्हणून इथे मराठीचा आग्रह मीच सोडला आहे.

खरे सांगायचे तर या शेऱ्यावर मी पूर्ण भरवसा ठेवत नाही. काही ॲपमध्ये असा कोड स्कॅन केल्यावर शेऱ्याची जागाच येत नाही, आणि काही बँकांकडून आलेल्या नोंदीत तो गळून पडतो. तरीही लिहा, कारण पोहोचला तर नोंद त्याच दिवशी लागते. पोहोचला नाही तर सातवी पायरी आहे.

## ६. पिन टाका, आणि निकाल नीट वाचा

कोणत्या खात्यातून पैसे जाणार ते एकदा पाहा. एका ॲपला दोन खाती जोडलेली असतील तर ते बहुतेक वेळा नेहमीचेच खाते पुढे करते, आणि शिल्लक नेमकी दुसऱ्यात असते. मग पिन टाका. बँक खात्यातून यूपीआयने फी भरण्यासाठी पालकांना वेगळा आकार पडत नाही. कोणी मागितला तर काहीतरी चुकते आहे असे समजा.

यानंतर तीनपैकी एक गोष्ट दिसते.

व्यवहार पूर्ण झाला. हिरवी खूण आली. ठीक, सातव्या पायरीवर जा.

व्यवहार फसला. `Failed` असे आले. आधी बँकेचा एसएमएस किंवा शिल्लक पाहा. पैसे गेलेच नसतील तर थोड्या वेळाने पुन्हा भरा.

व्यवहार अडकला. `Pending` किंवा `Processing` असे दिसते, आणि इथेच लोक गडबडतात. खात्यातून पैसे गेल्याचा एसएमएस येतो, पण हिरवी खूण येत नाही. शेवटची तारीख असते, म्हणून घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवले जातात. थोड्या वेळाने पहिला व्यवहारही पूर्ण होतो आणि फी दुप्पट जाते. बँक ती परत करत नाही, कारण तिच्या लेखी दोन्ही व्यवहार बरोबर झालेले असतात.

म्हणून अडकलेल्या व्यवहारानंतर त्या दिवशी दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. बारा अंकी क्रमांक लिहून घ्या आणि कार्यालयाला कळवा. व्यवहार शेवटच्या तारखेपर्यंत सुरू केलेला असेल आणि तसे आम्हाला कळवले असेल, तर उशिराचे शुल्क लावले जाणार नाही. हे मी लेखी देते आहे, ही सूचना दाखवा.

पैसे गेले, शाळेला मिळालेच नाहीत, तर? त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. दुकान किंवा संस्थेला केलेल्या यूपीआय व्यवहारात खात्यातून पैसे कापले गेले पण समोरच्याला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप खात्यात परत आले पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. पाच दिवस उलटूनही पैसे आले नाहीत तर ॲपमध्ये त्या व्यवहारावर तक्रार नोंदवा, नाहीतर तुमच्या बँकेत बारा अंकी क्रमांक घेऊन जा. अशा वेळी शाळा काही करू शकत नाही, कारण पैसे आमच्या खात्यापर्यंत आलेलेच नसतात.

दोनदा भरले गेलेच, तर दोन्ही क्रमांकांसह अर्ज द्या. जास्तीची रक्कम पुढच्या सत्रात वळती करायची की परत हवी, ते अर्जात लिहा. परत हवी असेल तर ती ज्या खात्यातून आली त्याच खात्यात जाईल, रोख मिळणार नाही.

## ७. बारा अंकी क्रमांक कळवा

व्यवहार उघडून तपशील पाहा. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला एक बारा अंकी क्रमांक मिळतो, आणि तोच तुमच्या बँकेच्या व आमच्या बँकेच्या नोंदीत सारखा असतो. गोंधळ असा की वेगवेगळी ॲप त्याला वेगवेगळ्या नावांनी दाखवतात: कुठे `UTR`, कुठे `UPI Ref No`, कुठे `UPI transaction ID`. शिवाय ॲपचा स्वतःचा असा आणखी एक लांबलचक क्रमांक शेजारीच असतो, ज्याची सुरुवात अक्षराने होते. तो ॲपवाल्यांच्या कामाचा, बँकेच्या उताऱ्यात तो सापडत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: फक्त अंक, आणि मोजून बारा.

तो क्रमांक कार्यालयाच्या मोबाइलवर (फीचिठ्ठीवर छापला आहे) अशा संदेशाने पाठवा:

```
GR4127 5B T2
Rs 6180
UTR 123456789012
```

नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका. एक तर चित्रातला क्रमांक लिपिकांना पाहून टाइप करावा लागतो आणि त्यात अंक चुकतो. दुसरे म्हणजे हिरवी खूण असलेले खोटे चित्र बनवणे आता पोरखेळ झाला आहे. त्यामुळे स्क्रीनशॉट पाहून आम्ही कोणालाही पावती देत नाही, ओळखीच्या पालकांनाही नाही. बँकेच्या उताऱ्यात तो क्रमांक दिसला की पावती फाडली जाते. याचा राग मानू नये.

ज्यांना संदेश पाठवणे जमत नाही त्यांनी फीचिठ्ठीच्या मागे क्रमांक लिहून मुलाबरोबर वर्गशिक्षकांकडे पाठवला तरी चालेल.

## एका घराचे उदाहरण

गेल्या सत्रातली एक नोंद सांगते, ओळख लागू नये म्हणून आकडे बदलले आहेत. दोन भावंडे, थोरली पाचवीत, धाकटा दुसरीत. थोरलीची फी ६,१८०, धाकट्याची ५,४४०. वडिलांच्या फोनचे नेट चालेना, म्हणून मुलांच्या काकांनी आपल्या फोनवरून कोड स्कॅन केला आणि दोघांचे मिळून ११,६२० रुपये एकदम भरले. शेऱ्यात लिहिले "फी".

आमच्या उताऱ्यात काय आले? काकांचे नाव आणि ११,६२० ही रक्कम. त्या रकमेची फीचिठ्ठी शाळेत कोणाचीच नव्हती. काकांचे नाव आमच्या कोणत्याही नोंदवहीत नव्हते. आडनावावरून शोधावे, तर त्या आडनावाची मुले बहुतेक सगळ्या तुकड्यांत. दोघा भावंडांपुढे बाकी तशीच राहिली आणि आठवण देणारी चिठ्ठी दोघांच्या दप्तरात गेली. वडील चिडून कार्यालयात आले, ते साहजिकच होते. त्यांनी काकांना फोन लावला, बारा अंकी क्रमांक मागवला, आणि लिपिकांनी तो टाकताच ती ओळ समोर आली. रक्कम दोन नावांवर फोडून दोन पावत्या दिल्या.

यात काकांच्या फोनवरून भरणे चूक नव्हते. कोणाच्याही खात्यातून फी भरा, आम्हाला हरकत नाही. दोन मुलांचे पैसे मात्र दोनदा स्कॅन करून वेगवेगळे पाठवायला हवे होते, दोन शेऱ्यांसह, आणि दोन्ही क्रमांक त्याच संध्याकाळी कळवायला हवे होते. एवढे झाले असते तर काकांचे नाव कोणी पाहिलेही नसते.

## ८. पावती घ्या, आणि वाचा

क्रमांक कळवल्यावर कामकाजाच्या दोन दिवसांत पावती तयार होते. शनिवारी दुपारनंतर भरलेले पैसे सोमवारीच पाहिले जातात. पावती मुलाच्या दैनंदिनीतून येईल. तिच्यावरचे नाव, तुकडी, सत्र आणि रक्कम पाहा. चूक असेल तर त्याच आठवड्यात सांगा, कारण महिना संपला की हिशेब बंद होतो आणि मग दुरुस्तीसाठी संस्थेकडे पत्र पाठवावे लागते.

ॲपमधली हिरवी खूण ही पावती नव्हे. ती पैसे गेल्याचा पुरावा आहे, फी जमा झाल्याचा नाही. जे पालक आयकरात जुन्या पद्धतीने शिक्षण शुल्काची वजावट घेतात, त्यांना तर शाळेची छापील पावतीच लागते. वजावट फक्त शिकवणीच्या शुल्काला, म्हणजे पावतीवर "शिक्षण शुल्क" म्हणून दाखवलेल्या रकमेलाच मिळते. इतर रकमा पावतीवर वेगळ्या दाखवल्या आहेत, त्या धरू नका.

## फीच्या नावाने येणारे फोन

फीचे दिवस आले की असे फोन येतात: "शाळेतून बोलतोय, तुमची फी जास्त आली आहे, परत करतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका." शाळा असा फोन करत नाही. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याकडून जातात, दुसरे काही होत नाही. कोणी मुलाचे नाव आणि वर्ग बरोबर सांगितला तरी विश्वास ठेवू नका, ही माहिती बाहेर मिळणे अवघड नाही.

"जुना कोड बंद झाला, हा नवा घ्या" असा संदेश आला तरी तसेच. कोड बदलायची वेळ आली तर माझ्या सहीचा आणि शाळेच्या शिक्क्याचा कागद मुलांबरोबर घरी येईल. त्याआधी पैसे पाठवू नका.

पैसे गेलेच, तर लाजून बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा, किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा, आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. मग आम्हाला सांगा, म्हणजे इतर पालकांना सावध करता येईल.

## ज्यांना कोड नको आहे

खिडकी बंद झालेली नाही. रोख आणि धनादेश पूर्वीप्रमाणेच घेतले जातात, शाळेच्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी एकपर्यंत. धनादेश फीचिठ्ठीवरच्या चौकटीतल्या नावाने काढा आणि मागे जीआर क्रमांक लिहा.

आजी-आजोबांपैकी कोणी फी भरायला येणार असेल आणि फोनवर भरायचे असेल, तर लिपिक कोड कुठे आहे, क्रमांक कुठे दिसतो हे दाखवतील. ते फोन हातात घेणार नाहीत, पिनही टाकणार नाहीत. तशी सूचना मीच त्यांना दिली आहे, तेव्हा त्यांना आग्रह करू नये. तसेच मुलांकडे फोन आणि पिन देऊन "खिडकीवर भरून ये" असे पाठवू नका. अशी मुले आली तर त्यांना फोनसह वर्गात परत पाठवले जाईल आणि घरी फोन येईल.

फी एकदम भरणे शक्य नसेल तर शेवटच्या तारखेच्या आत मला भेटा, हप्ते ठरवून नवी फीचिठ्ठी देता येते. आपल्या मनाने अर्धी रक्कम स्कॅन करून पाठवू नका. ती अर्धी रक्कम कोणाच्याच फीचिठ्ठीशी जुळत नाही.

मुख्याध्यापिका